ट्रॅकरमध्ये आहे तेवढंच: ट्रायल रन पुढे गेली हे क्लायंटला कसं लिहायचं

शेतकरी उत्पादक कंपनीच्या गोडाऊनमध्ये क्लिनिंग-ग्रेडिंग युनिट बसवायचं काम असलं की क्लायंटच्या डोक्यात एकच तारीख असते, सोयाबीन वावरातून निघायच्या आत मशीन चालू झाली पाहिजे. त्यामुळे ट्रायल रन पुढे गेली की अध्यक्षांचा फोन येतो, "काहून लेट होऊन राहिलं भाऊ, लिहून पाठवा ना ग्रुपवर", आणि आपण घाईघाईत टाइप करतो की पावसामुळे थोडा उशीर झाला, लवकरच होईल. तो मेसेज मग संचालकांच्या ग्रुपवर जातो, तिथून बँकेच्या साहेबाला फॉरवर्ड होतो, आणि कोणीतरी शेअर केलेली शीट उघडून बघतो तर पाऊस सहाच दिवस लिहिलेला असतो. पुढचं बोलणं मग मशीनबद्दल राहत नाही, तुम्ही खरं बोलता का याबद्दल सुरू होते.

म्हणून मेसेजमध्ये ट्रॅकरमध्ये नोंदलेलं तेवढंच लिहायचं. आता हे ऐकायला सोपं वाटते, पण ट्रॅकर म्हणजे चार लोकांनी चार टायमाला मोबाइलवरून भरलेली गूगल शीट, तिच्यात अर्धे शेरे अर्धवट असतात, एखादी तारीख रिकामी असते, एखादी ओळ स्वतःच्याच विरोधात बोलते. तर एक उदाहरण घेऊन पूर्णच करून बघू. प्रकल्प उदाहरणापुरता बनवलेला आहे, पण दारव्हा-दिग्रसकडे असं काम केलेल्या कोणालाही ओळखीचा वाटेल. आज सोमवार, 8 सप्टेंबर धरा. माइलस्टोन 4 म्हणजे ट्रायल रन, आणि त्याच्या खालच्या ओळी अशा आहेत:

4.1 मशीनचा पाया. ठरलेली 14 ऑगस्ट, पूर्ण 23 ऑगस्ट. शेरा: पाऊस, 11 ते 16 काँक्रीट बंद. फोटो आहे.
4.2 मशीन साइटवर पोच. ठरलेली 22 ऑगस्ट, पूर्ण 21 ऑगस्ट. चलनाचा फोटो आहे.
4.3 मशीन बसवणे. ठरलेली 30 ऑगस्ट, पूर्ण 6 सप्टेंबर. अवलंबून 4.1 आणि 4.2 वर. शेरा: एलिव्हेटरचा बेल्ट टाइट करणं बाकी.
4.4 थ्री फेज कनेक्शन. जबाबदारी: क्लायंट. ठरलेली 28 ऑगस्ट, सुधारित तारीख रिकामी, स्टेटस चालू. शेरा: 2 सप्टेंबरला डिमांड भरला, पावती आहे.
4.5 पॅनल आणि वायरिंग. ठरलेली 5 सप्टेंबर, सुधारित 12 सप्टेंबर, स्टेटस चालू. शेरा: केबल आली, पॅनल बहुतेक सोमवारी.
4.6 ट्रायल रन. ठरलेली 10 सप्टेंबर, सुधारित तारीख रिकामी. अवलंबून 4.3, 4.4, 4.5 वर.

आधी शीट खरी आहे का ते बघा

मेसेज लिहायला बसायच्या आधी या ओळी क्लायंटला दाखवण्याजोग्या आहेत का ते तपासायचं, आणि सगळ्यात पहिले तारखाच. शीटचं लोकेल अमेरिकेचं असलं तर 12/09 टाकलं की शीट ते 9 डिसेंबर समजते, आणि जिथं 22/08 टाकलं तिथं बाविसावा महिनाच नसल्यामुळे ते साधं अक्षर म्हणून पडून राहते. ओळखायची खूण सोपी, अलाइनमेंट कोणी बदललेलं नसेल तर खरी तारीख सेलमध्ये उजवीकडे चिकटते आणि अक्षर डावीकडे, म्हणजे एकाच कॉलममध्ये काही तारखा डावीकडे काही उजवीकडे दिसल्या की समजायचं गडबड आहे. File मध्ये Settings मध्ये Locale भारताचं करा, पण त्याने आधीच चुकीच्या पडलेल्या तारखा आपोआप दुरुस्त होत नाहीत, त्या हातानेच परत टाकाव्या लागतात. आणि क्लायंटच्या मेसेजमध्ये महिना नेहमी अक्षरात लिहायचा, 12 सप्टेंबर, विषय संपला.

दुसरं म्हणजे ठरलेली तारीख कोणी गुपचूप बदलली तर नाही ना. हे लय होते. काम लेट झालं की कोणीतरी ठरलेल्या तारखेच्याच कॉलममध्ये नवीन तारीख टाकून देते, मग शीटमध्ये सगळं वेळेवर दिसते आणि क्लायंटकडच्या कराराच्या कागदावर मात्र जुनी तारीख असते. कॉम्प्युटरवर सेलवर राइट क्लिक करून Show edit history दाबा, आधी काय होतं, कोणी बदललं, कधी बदललं, सगळं दिसते. त्याला एडिटचा अॅक्सेस लागतो. ओळच टाकली किंवा डिलीट केली असेल तर ते तिथं दिसेलच असं नाही, त्यासाठी File मधली Version history उघडायची.

आपल्या उदाहरणात 4.6 ची 10 सप्टेंबर कोणी हलवलेली नाही. पण 4.5 ची सुधारित तारीख आधी 9 सप्टेंबर होती, ती नंतर 12 केली आहे. ही 9 तारीख क्लायंटला कधी कळवली होती का? जुने मेसेज चाळा. कळवली असेल तर नव्या मेसेजमध्ये "आधी 9 सप्टेंबर कळवली होती, आता ट्रॅकरमध्ये 12 आहे" असं सरळ लिहायला लागेल, कारण त्यांच्या फोनमध्ये ती 9 अजून बसलेली आहे. इथं कळवली नव्हती असं धरू, म्हणजे तिचा उल्लेख करायची गरज नाही, तो आपला आतला हिशोब.

स्वतःच्याच विरोधात बोलणारी ओळ

4.3 बघा. पूर्ण तारीख 6 सप्टेंबर आहे आणि शेऱ्यात बेल्ट टाइट करणं बाकी आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. अशा वेळी आपल्याला जे सोयीचं ते उचलायचा मोह होते, पूर्ण लिहिलंय ना मग पूर्ण. तसं करू नका, आणि मनानेच शेरा जुना असेल असंही ठरवू नका. ज्याच्या नावावर ओळ आहे त्या फिटरला फोन लावा आणि एकच प्रश्न विचारा, "बेल्ट झाला का, झाला तर कोणत्या दिवशी?" तो म्हणते काल रविवारी सकाळी झाला. ठीक आहे, मग त्यानेच शीटमध्ये शेरा बदलायचा, फोटो टाकायचा आणि पूर्ण तारीख 7 सप्टेंबर करायची. त्याच्याकडे रेंज नसेल तर तुम्ही टाका, पण शेऱ्यात लिहा की फिटरने 8 सप्टेंबरला फोनवर सांगितलं, फोटो यायचा आहे.

फोनवर कळलेली गोष्ट सरळ मेसेजमध्ये जात नाही, आधी ट्रॅकरमध्ये जाते आणि तिथून मेसेजमध्ये येते. उलटं केलं की दोन दिवसांनी शीट एक सांगते आणि व्हॉट्सअॅप दुसरं. आणि नोंद कोणी केली, कशावरून केली हे ओळीत दिसलं पाहिजे, नाहीतर मेसेज खरा ठरवायसाठी आपणच मागून शीट भरली असं होईल, मग "ट्रॅकरप्रमाणे" या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

आता 4.5 चा "बहुतेक सोमवारी". कोणता सोमवार? Show edit history मध्ये हा शेरा 3 सप्टेंबरला टाकलेला दिसते, म्हणजे तो आजचाच सोमवार, 8 तारीख. आज संध्याकाळपर्यंत पॅनल आल्याची नोंद नाही. म्हणजे हा शेरा आता क्लायंटला सांगायच्या कामाचा नाही, "बहुतेक" ही तारीख नसते आणि तो सोमवार संपतही आला. मेसेजमध्ये एवढंच जाईल की केबल आली आहे, पॅनल आल्याची नोंद नाही, सुधारित तारीख 12 सप्टेंबर. इलेक्ट्रिशियनला विचारून घ्या की पॅनल अजून आलं नसताना 12 ठेवायची का, आणि तो बदलणार असेल तर मेसेज जायच्या आधी बदलू द्या. आपल्या उदाहरणात तो 12 च ठेवते.

दिवस मोजा, पण कारण चिकटवू नका

वजाबाकी करायला हरकत नाही, ती ट्रॅकरमधल्याच आकड्यांची आहे. ठरलेली तारीख E कॉलममध्ये, पूर्ण तारीख F मध्ये आणि काम उशिरा झालेलं असेल तर पहिली ओळ कॅलेंडरचे दिवस देते, दुसरी फक्त रविवार सोडून:

```
=F2-E2
=NETWORKDAYS.INTL(E2+1,F2,11)
```

दुसऱ्यात E2 मध्ये एक मिळवला कारण हे सूत्र दोन्ही टोकाचे दिवस धरते, आणि 11 म्हणजे फक्त रविवारची सुट्टी. तो आकडा टाकला नाही तर शनिवारही सुट्टी धरल्या जाते आणि आपल्याकडे साइटवर शनिवारी काम असते. क्लायंटला मी कॅलेंडरचेच दिवस लिहीन, कारण तेही कॅलेंडरवर बोट ठेवूनच मोजतात.

पाया 14 ऐवजी 23 ऑगस्टला, म्हणजे 9 दिवस उशीर. पावसाचे दिवस 11 ते 16, म्हणजे 6. उरलेल्या 3 दिवसांचं काय? साइटवर सगळ्यांना माहीत आहे की मिस्त्री गावी गेले होते आणि परत यायला त्यांनी वेळ लावला. पण शीटमध्ये त्याचा एक शब्द सुद्धा नाही. मग ते लिहायचं नाही, आणि ते झाकायसाठी 9 च्या 9 दिवस पावसावरही ढकलायचे नाहीत. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवायच्या फक्त: "11 ते 16 ऑगस्ट पावसामुळे काँक्रीट बंद होतं. पाया 14 ऐवजी 23 ऑगस्टला पूर्ण झाला." वाचणारा हिशोब करेल तर करू द्या, आणि विचारलं की बाकी तीन दिवस कशाचे, तर उत्तर आहे की त्याचं कारण ट्रॅकरमध्ये नोंदलेलं नाही, साइट सुपरवायझरला विचारून नोंदवतो आणि कळवतो. हे उत्तर द्यायला जरा जड जाते, मान्य, पण खोट्या पावसापेक्षा परवडते.

मशीन बसवणं 30 ऑगस्टऐवजी 7 सप्टेंबरला झालं, म्हणजे 8 दिवस. पाया 9 ने घसरला आणि बसवणं 8 ने, म्हणजे एक दिवस भरून काढला. हेही वजाबाकीने निघते, पण मी ते लिहिणार नाही. एका दिवसाची फुशारकी कशाला, आणि "आमच्या टीमने जास्त वेळ काम करून" वगैरे तर शीटमध्ये कुठंच नाही.

क्लायंटच्या नावावरची ओळ

4.4 इथं खरी नाजूक गोष्ट आहे. कनेक्शन क्लायंटच्या जबाबदारीत आहे, ठरलेल्या तारखेला आज 11 दिवस होऊन गेले आणि सुधारित तारीख रिकामी. काही जण भिडेपोटी ही ओळच गाळतात, मग सगळा उशीर आपल्या अंगावर येते. काही जण उलट "तुमच्या कनेक्शनमुळे सगळं अडलं" लिहितात, तेही ट्रॅकरप्रमाणे खोटंच आहे कारण 4.5 आपलं आहे आणि तेही बाकी आहे. ओळ आहे तशी लिहायची, ज्या सुरात आपल्या ओळी लिहिल्या त्याच सुरात: कोणाकडे, ठरलेली तारीख कोणती, शेवटची नोंद काय, काय अजून नोंदलेलं नाही.

डिमांड भरला म्हणजे कनेक्शन आलं असं होत नाही हे गावात सगळ्यांना माहीत असते, पण म्हणून "अजून महिना लागेल" हेही लिहायचं नाही, तो आपला अनुभव झाला, नोंद नाही. आणि "डिमांड उशिरा भरला" यातला "उशिरा" सुद्धा काढून टाका. डिमांड नोट कधी आली हे शीटमध्ये नाही, तर उशिरा की वेळेवर हे आपल्याला ठरवता येत नाही.

नवीन तारीख द्यायची का

सगळ्यांना हेच पाहिजे असते. ट्रॅकर काय सांगते ते बघा. ट्रायल रन तीन ओळींवर अवलंबून आहे, त्यातली 4.3 झाली, 4.5 ची 12 सप्टेंबर आहे आणि 4.4 ला तारीखच नाही. यातून दोन गोष्टी पक्क्या निघतात, 10 ला ट्रायल होणार नाही आणि 12 च्या आधी होणार नाही. तिसरी गोष्ट, म्हणजे कधी होईल, ती निघत नाही. म्हणून "12 सप्टेंबरच्या आधी नाही" असं लिहायचं. फक्त नुसतं "12 सप्टेंबर" एकटं लिहू नका, कारण घाईत वाचणारा "आधी नाही" विसरते आणि 12 लक्षात ठेवते, मग शुक्रवारी सकाळी संचालक मंडळी गोडाऊनवर हजर. त्याच वाक्यात 4.4 ची तारीख बाकी आहे हे आलं पाहिजे.

पुढचं अपडेट कधी देणार ही तारीख मात्र आपल्या हातातली आहे. पण तीही आधी शीटमध्ये एक ओळ करून टाका, 4.7 क्लायंट अपडेट, 11 सप्टेंबर, तुमचं नाव. म्हणजे तेही ट्रॅकरमधलंच झालं आणि विसरायची सोय राहिली नाही.

पहिला मसुदा आणि त्याची छाटणी

आता मेसेज लिहा, मनात येईल तसा, आणि मग प्रत्येक वाक्याच्या पुढे ओळीचा नंबर टाका. नंबर सापडला नाही तर वाक्य गेलं. घाईत लिहिलेला मसुदा साधारण असा असते:

"नमस्कार भाऊ, सततच्या पावसामुळे पायाचं काम लांबलं. तरी टीमने दिवसरात्र मेहनत करून मशीन बसवलं. पॅनल एक-दोन दिवसांत येईल. लाइटचं कनेक्शन आलं की लगेच ट्रायल घेऊ. 15 तारखेपर्यंत पूर्ण होण्याची खात्री आहे."

"सततच्या" ला नंबर नाही, सहा दिवसांना आहे. दिवसरात्र मेहनतीला नाही. एक-दोन दिवसांना नाही. "लगेच" ला नाही, कारण 4.5 झाल्याशिवाय नुसतं कनेक्शन येऊन ट्रायल होत नाही. 15 तारीख तर कोणत्याच ओळीत नाही, ती कुठून आली कोणास ठाऊक, बहुतेक तोंडाला सोपी म्हणून. पाच वाक्यांतून उरलं काय, पाया लांबला आणि मशीन बसलं. त्यावरून परत लिहायचं, आणि बातमी पहिल्या ओळीत, कारण व्हॉट्सअॅपच्या नोटिफिकेशनमध्ये सुरुवातीचंच दिसते आणि पुष्कळ जण तेवढंच वाचतात:

"*ट्रायल रन 10 सप्टेंबरला होणार नाही, 12 सप्टेंबरच्या आधी शक्य नाही आणि कनेक्शनची तारीख अजून बाकी आहे.*

नमस्कार भाऊ. ही माहिती 8 सप्टेंबर संध्याकाळी 5 पर्यंतच्या ट्रॅकरप्रमाणे आहे.

झालेलं: मशीन 21 ऑगस्टला साइटवर पोचलं (ठरलेली 22). पायाचं काँक्रीट 11 ते 16 ऑगस्ट पावसामुळे बंद होतं, पाया 14 ऐवजी 23 ऑगस्टला पूर्ण झाला. मशीन 30 ऑगस्टऐवजी 7 सप्टेंबरला बसवून झालं.

बाकी: पॅनल आणि वायरिंग आमच्याकडे आहे, ठरलेली तारीख 5 सप्टेंबर होती, सुधारित 12 सप्टेंबर. केबल आली आहे, पॅनल आल्याची नोंद अजून नाही. थ्री फेज कनेक्शन तुमच्या कंपनीकडे आहे, ठरलेली तारीख 28 ऑगस्ट होती, 2 सप्टेंबरला डिमांड भरल्याची पावती आहे, कनेक्शन चालू झाल्याची नोंद नाही आणि पुढची तारीख टाकलेली नाही.

ही दोन्ही कामं झाल्यावरच ट्रायल घेता येते. कनेक्शनची तारीख मिळाली की ट्रायलची नवीन तारीख कळवतो. ती तारीख तुमच्याकडून कोण देणार एवढं सांगाल का?

आमच्याकडच्या कामांना उशीर झाला त्याबद्दल दिलगीर आहे. पुढचं अपडेट गुरुवार, 11 सप्टेंबर."

दिलगिरी एकदाच, एका ओळीत, आणि "आमच्याकडच्या कामांना" एवढ्यापुरती. संध्याकाळी 5 ची वेळ लिहायची कारण सहा वाजता पॅनलची गाडी आली तर मेसेज खोटा पडत नाही, जुना होते फक्त. आणि सोबत शीटची लिंक देणार असाल तर Viewer म्हणूनच द्या, आणि त्याच शीटमध्ये मजुरीचे दर किंवा आपसातले शेरे असतील तर लिंक देऊच नका, या सहा ओळींचा स्क्रीनशॉट पाठवा.

उत्तर आल्यावर

दहा मिनिटांत बहुतेक असं येईल: "मग 15 धरू का?" इथं हो म्हटलं की सगळी मेहनत गेली, कारण आता ती 15 तुमची झाली, भले शीटमध्ये नसो. उत्तर असं द्या: "भाऊ, 15 ट्रॅकरमध्ये नाही म्हणून मला हो म्हणता येत नाही. आमचं पॅनलचं काम 12 ला धरलं आहे. कनेक्शनची तारीख मिळाली की त्याच दिवशी ट्रायलची तारीख टाकून कळवतो."

अध्यक्ष फोनवर म्हणाले की लाइटच्या ऑफिसमध्ये विचारलं, 13 ला मीटर बसते म्हणतात, तर ती तारीख 4.4 मध्ये सुधारित म्हणून टाका, शेऱ्यात "अध्यक्षांनी 8 सप्टेंबरला फोनवर सांगितलं" असं लिहा, आणि त्यांना तेच वाक्य परत पाठवून "बरोबर नोंदवलं ना?" विचारा. मग 4.6 ची सुधारित तारीख इलेक्ट्रिशियन आणि फिटर दोघांना विचारून टाकायची, कारण मीटर बसल्यावर पॅनल जोडून तपासायला किती वेळ पाहिजे ते त्यांना माहीत, तुम्हाला आणि अध्यक्षांना नाही. पाठवलेला मेसेज 4.7 च्या शेऱ्यात जसाच्या तसा पेस्ट करा. 11 तारखेला पॅनल तोपर्यंतही आलेलं नसेल तरी मेसेज त्याच दिवशी जातो, पहिल्या ओळीत पॅनल आल्याची नोंद अजून नाही हे, आणि नवीन सुधारित तारीख इलेक्ट्रिशियनने टाकलेली असली तर ती.